अकरा महिन्यांचा पत्ता

आपण बऱ्यापैकी लिहितो असा माझा समज आहे. त्यामुळे शाळेच्या ऑफिसातल्या बाई जेव्हा म्हणाल्या, "तुमचा भाडेकरार संपलाय की हो. मग घरमालकांचं पत्र आणा, लाइट बिलाची झेरॉक्स जोडून," तेव्हा मी खचलो नाही. उलट हुरळलोच. पत्राचा मसुदा मी करणार आणि काका नुसती सही ठोकणार. आयुष्यात प्रथमच माझ्या गद्याचा कोणाला तरी उपयोग होणार होता.

रात्री बसून लिहिलंही. "हे सुसंस्कृत कुटुंब गेली सहा वर्षे माझ्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर अत्यंत सलोख्याने वास्तव्य करून असून, त्यांच्या कन्येच्या बाललीलांनी या वास्तूस चैतन्य लाभले आहे..." बायकोनं वाचलं आणि विचारलं, "शाळेत प्रवेश हवाय की गृहप्रवेश?"

काका बँकेतून निवृत्त झालेले. कागद हातात आला की त्यांचा उजवा हात आपोआप पेन्सिल शोधतो. त्यांनी आधी 'सुसंस्कृत' काढलं. मग 'सलोख्याने' काढलं. पार्किंगचा विषय त्यांच्या डोक्यात असावा. 'बाललीला' काढताना वर छताकडे पाहिलं. आमची जमीन म्हणजे त्यांचं छत. शेवटी 'गेली सहा वर्षे' यावर पेन्सिल थबकली.

"वर्षं कशाला मोजायची? असं लिहून दिलं की माणूस कूळ होतो."

इथं माझ्यातला अभ्यासू माणूस जागा झाला. भाडेकरूंना कायदा पाठ असतो, आणि मी सहा वर्षं श्रोता मिळण्याची वाट पाहत होतो. म्हटलं, "काका, मुळात आपण हे अकरा-अकरा महिने का खेळतो, सांगू?"

तर ते असं. 1908 च्या नोंदणी कायद्यानं सांगितलं की एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे. आपल्या लोकांनी कायदा वाचला आणि वर्षातून एक महिना छाटून टाकला. अकरा महिने राहा, नोंदणी नको, शुल्क नको. तेव्हापासून देशभरातले भाडेकरू अकरा महिन्यांनी नवे होतात आणि बारावा महिना कोणाच्या हिशेबात नसतो. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट केव्हाच बुजली. 31 मार्च 2000 पासून आपल्याकडे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे आणि त्याचं कलम 55 म्हणतं की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि घर दिलं कोणत्या अटींवर, याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे काकांनी भ्यायला हवं होतं ते कराराच्या नसण्याला, आणि ते भीत होते माझ्या पत्राला. शिवाय लिव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंतही करता येतो, मुद्रांक शुल्काचा दर तोच. तरी सगळे अकराच लिहितात. पळवाट गेली, पायवाट उरली.

'कैद' हा शब्द मी किंचित रेंगाळत उच्चारला, हे खरं. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चहा घेणार?" पुण्यात हा प्रश्न कोणी गंमत म्हणून विचारत नाही. बाण लागला, असं मी समजलो.

चहा झाल्यावर काकांनी पत्र स्वतः लिहिलं. तीन ओळी. सदर इसम कुटुंबासह माझ्या सदनिकेत तात्पुरते राहतात. हे पत्र केवळ शाळाप्रवेशासाठी दिले असून त्यावरून कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. चैतन्य वगैरे काही नाही. तरीही मी ते छातीशी धरून शाळेत नेलं.

बाईंनी पत्र वाचलं, लाइट बिल पाहिलं, परत पत्र पाहिलं. "बिल दुसऱ्याच नावावर आहे."

"ते काकांचे वडील."

"मग त्यांची सही आणा."

"ते वीस वर्षांपूर्वी वारले."

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच त्यांना तोवर थांबवून ठेवायला हवं होतं. मग मृदू झाल्या. "मिळकतकराची पावती काकांच्या नावाची असेल तर ती जोडा. नाहीतर सरळ करारच नोंदवून आणा. आमच्याकडे निदान पत्र तरी चालतं. ते आरटीईचे पंचवीस टक्केवाले, त्यांना अर्जाच्या तारखेआधी नोंदवलेला अकरा महिन्यांचा करारच लागतो. दोन दिवस उशिरा नोंदवला म्हणून पोरांचे प्रवेश जातात."

जिना उतरताना मला खरोखर राग आला. ते बिल दरमहा मी भरतो. त्यातले पंखे आमचे, फ्रीज आमचा, पोरीनं रात्रभर जळत ठेवलेला संडासातला दिवा आमचा. आणि त्या कागदाच्या जोरावर एका वारलेल्या गृहस्थांचा रहिवास ठामपणे सिद्ध होत होता. जिची पहिली पावलं त्याच फरशीवर पडली, तिचा होत नव्हता.

तो राग घेऊनच मी काकांकडे गेलो. पावती मागितली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग काकूच आतून म्हणाल्या, "सांगा की त्यांना."

पावतीही वडिलांच्याच नावावर होती. दोन भाऊ, एक बहीण, वाटणी झालेली नाही. नाव लावायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सह्या मागायच्या तर बारा वर्षं बंद असलेलं बोलणं सुरू करायला हवं. मागचे सगळे करार काकांनी एकट्यानं केले. एजंटनं कधी काही विचारलं नव्हतं. विचारलं ते शाळेनं. "या घरात माझा जन्म झालाय हो," काका म्हणाले, "पण कागद मागितला तर माझ्याकडंही नाही." माझं कलम 55 घशातच राहिलं. त्या खोलीत पत्ता नसलेले दोघं बसले होते, त्यातला एक दुसऱ्याकडून भाडं घेत होता इतकंच.

त्या रात्री काकांनी भावाला फोन लावला. काय बोलले ते कळलं नाही. जमीन जाड आहे. पण सकाळी संमतीपत्राचा फोटो मोबाइलवर आला होता, आणि संध्याकाळी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन हजर झाला. काकांचा अंगठा उमटेना. बँकेत आयुष्यभर नोटा मोजून रेषा झिजलेल्या. रुमालानं पुसला, यंत्राची काच पुसली, काकूंनी जरासं खोबरेल लावलं तर एजंट ओरडला. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं आधारला काका पटले. माझा अंगठा पहिल्याच झटक्यात उमटला. लेखकाच्या हाताची सरकारदरबारी एवढीच काय ती कदर.

भाडं दहा टक्क्यांनी वाढून 19,800 झालं. मुद्रांक शुल्क साडेपाचशेच्या आसपास, नोंदणीचे हजार, एजंटचे वेगळे. सगळं मीच भरलं. तीन वर्षांचा करार करू या, असं मी सुचवून पाहिलं. "अकराच बरे," काका म्हणाले, "सवय आहे."

प्रवेश झाला. करार फेब्रुवारीत सुरू झाला म्हणजे पुढच्या जानेवारीत संपणार, आणि धाकट्याच्या नर्सरीचे फॉर्म जानेवारीतच निघतात. मी काकांना ते मोजून दाखवलं, तर म्हणाले, "मग पत्र आत्ताच लिहून ठेवा. फक्त विशेषणं घालू नका."