फ्लॅशच्या उजेडातली आरसी

विरारच्या विमा एजंटाकडे आरसीचा फोटो येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरून, तिरपा. लॅमिनेशनवर फ्लॅश चमकतो, आणि तो नेमका चासी नंबरावरच. गाडी नंबर मात्र अगदी स्पष्ट दिसतो, जो तसाही पाटीवर असतोच.

संगणकातला रकाना शिस्तीचा. चासी नंबर 17 अक्षरांचा हवा, एवढंच तो मोजतो. अक्षरं खरी की खोटी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. या नंबरात I, O, Q ही अक्षरं नसतातच, म्हणजे 'O' वाटलं तर ते शून्य असणार, निदान D तरी. पण ऑपरेटर बिनधास्त O टाकतो आणि रकाना मुकाट गिळतो. चूक कळते ती क्लेमच्या वेळी, सर्व्हेअर चासीवरचा खोदीव नंबर पाहतो तेव्हा.

गाडी नंबरातही तीच मोजणी. पाटीवर MH 48 A 7, रकान्याला हवं MH48A0007.

मालकाच्या नावाला मात्र रकाना कडक. वसईतल्या D'Mello मधली ती अपॉस्ट्रॉफी त्याला चालत नाही. वडिलांचं नाव मात्र आडनावाच्या जागी आनंदानं चालतं.