स्पेसबार बडवू नका

चार मितींत लीलया हिंडणाऱ्या विद्वानांना तीन ओळींचा मॅट्रिक्स ईमेलमध्ये सरळ उभा करता येत नाही. स्वतःच्या पडद्यावर आकडे जुळेपर्यंत ते स्पेसबार बडवतात आणि निश्चिंत मनाने पाठवून मोकळे होतात. समोरच्याकडे पोचते ती गणपतीच्या दर्शनाची रांग, मध्येच घुसलेल्यांसकट.

दोष गणिताचा नाही, फॉन्टचा आहे. एरियलमध्ये सगळे अंक एकाच रुंदीचे असतात, पण मोकळी जागा अंकाच्या निम्मीच. म्हणजे जिथे एक अंक कमी आहे तिथे एक स्पेस देऊन भरपाई होत नाही, आणि उणे चिन्हाची रुंदी तर तिसरीच. कुरियरसारख्या फॉन्टमध्ये मात्र अंक, टिंब, कंस आणि स्पेस यांना सारखीच जागा मिळते. तेव्हा आधी फॉन्ट बदला, मग मांडणीला हात घाला.

मांडणी सोपी आहे. सर्वांत लांब आकडा शोधा. खालच्या उदाहरणात `-13.00` आणि `100.00` यांना सहा-सहा घरे लागतात. त्यांत दोन मिळवून प्रत्येक स्तंभाला आठ घरे द्या, सगळीकडे दशांशानंतर दोनच अंक ठेवा आणि आकडे उजवीकडे चिकटवा. टिंबे आपोआप एकाखाली एक येतात:

```
    [    2.50   -1.00    0.25 ]
A = [  -13.00    4.00   10.00 ]
    [    0.00  100.00   -7.50 ]
```

मोठा कंस काढायचा हट्ट सोडा, प्रत्येक ओळीला आपापला चौकटी कंस पुरतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी हेच काम `%8.2f` करतो. मात्र हे आठ म्हणजे किमान रुंदी. एखादा आकडा त्याहून लांब निघाला, तर तो शेजाऱ्यांना ढकलतोच.

टॅबच्या नादी लागू नका. टॅब किती घरे उडी मारणार हे वाचणाऱ्याचा प्रोग्राम ठरवतो. शिवाय उत्तर देताना ओळीआधी `>` लागला की काही टॅब तो धक्का गिळतात, काही पुढच्या थांब्यावर उडी घेतात आणि स्तंभ फाटतो. ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवा, नाहीतर पाठवणारा प्रोग्रामच ती मोडून खाली टाकण्याची शक्यता असते. देवनागरी अंकांचा मोहही इथे आवरा. कुरियरमध्ये ते नसले, तर संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणतो, आणि त्यांची रुंदी वेगळी निघते.

एवढे करूनही वाचणारा फोनवर, त्याच्याच लाडक्या फॉन्टमध्ये बघणार असेल, तर सगळी सजावट पाण्यात. म्हणून खाली एक ओळ जोडा:

```
A = [2.5 -1 0.25; -13 4 10; 0 100 -7.5]
```

ही मॅटलॅब किंवा ऑक्टेव्हमध्ये जशीच्या तशी चिकटवता येते. फक्त शोभेसाठी `2.5 - 1` असे सुटे लिहू नका. तिथे ती वजाबाकी होते, पहिल्या ओळीत दोनच आकडे उरतात आणि संगणक अख्खा मॅट्रिक्स नाकारतो.