दशरथाच्या गावातला नेमबाज

मुखेडला दशरथेश्वराचं जुनं देऊळ आहे. दशरथाने नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि तो नेमका लागला, भलत्यालाच का होईना. माझे बाण तेवढेही आज्ञाधारक नव्हते.

धनुष्य माझं 26 पौंडांचं, पण बाणांचा नवा संच घ्यायला जीव होईना. म्हणून ओळखीपाळखीतून, ज्याने जो दिला तो बाण गोळा केला. कडब्याच्या पेंढ्या रचून त्यांवर टार्गेट टांगलं. पहिला बाण डावीकडे गेला, दुसरा उजवीकडे, तिसरा खाली मातीत. मी वाऱ्याला दोष दिला. वारा नव्हता.

सरावाला येणारं शेजारचं पोरगं म्हणालं, "काका, बाण कडक-मऊ असतेत. तुमचे एका जातीचे न्हाईत."

त्याने परीक्षा सांगितली. बाण 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा आणि मधोमध 880 ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन 500. आकडा मोठा तितका बाण लवचीक. मी स्वयंपाकघरातून 880 ग्रॅम तूरडाळ मोजून पिशवीत भरली. एक बाण जेमतेम सेंटिमीटरभर वाकला, म्हणजे 400. दुसरा सव्वातीन सेंटिमीटर झुकला, म्हणजे 1300 च्या आसपास. "डाळ भिजवायची की टांगायची?" असं आतून विचारण्यात आलं.

भानगड अशी की बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते. मागून धक्का बसतो, पुढचं टोक जड असतं, त्यामुळे दांडा आधी एका बाजूला वाकतो, मग उलट, आणि धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघतो. स्पाइन जुळला तर हा वळसा नीट साधतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार कडक बाण डावीकडे जातो, फार मऊ उजवीकडे. माझे दोन्ही बाण शिस्तीत वागत होते; बेशिस्त संच होता. मातीत गेलेला बाण 26 ग्रॅमचा निघाला, बाकीचे 16 च्या आतबाहेर. जड बाण हळू सुटतो, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त खाली येतो.

राहिली पिसं. ती शेपूट मागे ओढून धरतात आणि डोलणारा बाण सरळ करतात, पण त्यालाही काही मीटर अंतर लागतं, आणि दांडाच चुकीचा असेल तर पिसं तरी काय करणार! माझ्या एका बाणाचं एक पीस अर्धं उचकटलेलं होतं. तो दोऱ्याविनाच्या पतंगासारखा गेला.

शेवटी एकाच स्पाइनचे, एकाच वजनाचे बाण घेतले. पोराने बिनपिसांचा एक आणि पिसांचे दोन सोडून पाहिले. तिन्ही शेजारी लागले. मग मी सोडले. तेही सगळे अगदी जवळजवळ लागले, टार्गेटच्या बाहेर, शेजाऱ्याच्या कडब्यात. आता बाणांवर ढकलायची सोय उरलेली नाही, आणि वारा अजूनही पडलेलाच आहे.