उरलेले दहा

निरोपाच्या जेवणात मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी आठवडाभर तयारी केली. कॉर्कमध्ये पाच वर्षं काढलेला मी, भर टेबलावर आयरिश माणसांना 'क्रॅक' या शब्दाचा अर्थ समजावणार होतो. कोल्हापुरात जाऊन तांबड्या रश्श्यावर व्याख्यान द्यावं, तसलाच हा प्रकार. पण हातात ग्लास आला की माझ्यातला वक्तृत्वस्पर्धेचा उत्तेजनार्थ जागा होतो.

मुद्दा तसा दणदणीत होता. स्पेलिंग सी-आर-ए-आय-सी, म्हणून शब्द अस्सल गेलिक वाटतो. मुळात तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीतला साधा 'क्रॅक', म्हणजे गप्पा, खबरबात. तिथून तो अल्स्टरमध्ये उतरला. आयरिश भाषेने त्याला आपलं स्पेलिंग दिलं. १९७०च्या दशकात शॉन बान ब्रानाखने टीव्हीवरून 'संगीत, गप्पा आणि क्रॅक'चं आवतण देऊन तो घरोघर नेला. मग इंग्रजीने आपलाच शब्द नव्या पोशाखात परत घरात घेतला. माहेरी आलेल्या लेकीला पाहुणी समजून पाट मांडावा तसा.

"म्हणजे तुमचा सगळ्यात आयरिश शब्द मुळात इंग्रजीच आहे!" इथे मी टाळ्यांसाठी जागा सोडली होती. ती तशीच राहिली. मग आमच्या हिशेबखात्यातली बेलफास्टची बाई म्हणाली, "माझी आजी सी-आर-ए-सी-के असंच लिहायची. हे शोधायला तुला आठवडा लागला?"

टेबल हसलं. मला.

खरं तर या शब्दाने पहिल्याच दिवशी माझी फजिती केली होती. साहेबांनी हसतमुखाने विचारलं, "व्हॉट्स द क्रॅक?" आपल्याकडे क्रॅक म्हणजे डोक्याने सटकलेला. हा माझ्याबद्दल विचारतोय की स्वतःबद्दल, ते कळेना. नंतर उलगडलं की हे आपलं 'काय म्हणतोस?' आहे. 'निवांत' एवढंच उत्तर पुरतं. मी मात्र भाड्याच्या घराच्या करारापासून सुरुवात केली होती.

आणि तो नव्वदचा आकडा! झकास संध्याकाळनंतर हे लोक म्हणतात, "द क्रॅक वॉज नाइंटी." नव्वद? किती पैकी? ज्याच्या घरी अठ्ठ्याण्णव मिळाले तर 'दोन कुठे गेले?' असं विचारलं जायचं, त्याला हे ऐकून झोप येणार कशी? मी प्रत्येकाला विचारत सुटलो. उरलेले दहा कशाचे? शंभराची क्रॅक कुणी पाहिली आहे का? पंचेचाळीसला पास की नापास? कुणालाच पत्ता नव्हता आणि पर्वाही नव्हती. त्यांचा निकाल तिथेच संपत होता. कंटाळवाण्या माणसाला मात्र सरळ 'मायनस क्रॅक' म्हणतात. म्हणजे शून्याच्या खालीही मोजतात! पाच वर्षांत मी कामापेक्षा या मोजपट्टीवर जास्त डोकं घातलं असेल.

माझा खरा राग आहे तो पबबाहेरच्या पाट्यांवर. 'जेवण, संगीत, क्रॅक.' जणू काही तीही बिअरसारखी पिंपातून तोटी फिरवली की ग्लासात येते! गप्पा रंगतात. 'आज रात्री आठ ते दहा रंगतील' असं लिहून बाहेर लावलं, की उपस्थितांचे चेहरे सत्कार समारंभासारखे होतात.

रंगल्या होत्या त्या माझ्या पहिल्या नोव्हेंबरात. साडेचारला अंधार, घरातला बॉयलर बंद, आणि आईला 'मजेत आहे' असं सांगून फोन नुकताच ठेवलेला. दुरुस्तीला सत्तरीचे एक गृहस्थ आले. दहा मिनिटांत बॉयलर सुरू झाला. पाना पेटीत गेला, पेटीचं झाकण लागलं, आणि पेटीवर ते स्वतः बसले. हर्लिंगचा पंच कसा आंधळा होता, शेजाऱ्याचं गाढव चर्चमध्ये कसं शिरलं, आमच्याकडे गाढवं असतात का. मी वारीतल्या एका गाढवाची गोष्ट सांगितली. ती निम्मी खोटी होती. त्यांचीही असावी. चहा तीनदा झाला. पावणेआठला ते उठले, दारात आणखी वीस मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "गुड क्रॅक." पैसे त्यांनी दहा मिनिटांच्या कामाचेच घेतले.

भाषणाचा कागद घडी घालून मी टेबलावर हीच गोष्ट सांगितली. गाढव या वेळी थोडं मोठं झालं. कुणीतरी आपलं गाढव काढलं, दुसऱ्याने काकाची बोकडं आणली, आणि 'स्लॉन्चा' म्हणून ग्लास उचलायचं राहूनच गेलं. शेवटची बसही गेली.

फुटपाथवर टॅक्सीची वाट बघताना मी बेलफास्टच्या बाईला विचारलंच, "किती?"

ती क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली. "एकोणनव्वद. आजीच्या स्पेलिंगचा एक कापला."