बंटीच्या दोन ऑफर्स

बंटी माझा भाचा. शिक्षणाने इंजिनियर, पेशाने जावा डेव्हलपर आणि गेल्या तीन महिन्यांपासून वृत्तीने मार्केट यार्डातला अडत्या. एरवी हा मुलगा इतका भिडस्त की भाजीवाल्याने कोथिंबिरीची अर्धी जुडी काढून घेतली तरी ‘राहू दे’ म्हणेल. पण खिशात एक ऑफर लेटर पडलं आणि त्याच्या चालण्यात फरक पडला. दुसरं पडलं तेव्हा बोलण्यात पडला.

तीन महिने म्हणजे नोटीस पिरियड. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांनी राजीनाम्यानंतर 90 दिवस थांबण्याची अट घातली ती माणूस एकदम उठून जाऊ नये म्हणून. क्लायंटचं काम अडू नये, बदली माणूस मिळेपर्यंत खुर्ची रिकामी राहू नये, हा हेतू. झालं उलटंच. राजीनामा न दिलेला माणूस नव्या कंपनीला 90 दिवसांनी मिळणार, म्हणून त्याला फारसं कोणी विचारत नाही. राजीनामा दिलेल्याचे मात्र दिवस जसजसे कमी होतात तसतसा भाव चढतो. पन्नास दिवस उरले असताना आठवड्याला एखादा फोन येतो. दहा दिवस उरले की माणूस ‘इमिजिएट जॉइनर’ होतो आणि अंघोळीला जातानाही फोन बरोबर न्यावा लागतो. म्हणजे पहिल्या ऑफरच्या जोरावर राजीनामा द्यायचा आणि त्या राजीनाम्याच्या जोरावर दुसरी ऑफर मिळवायची. यात बंटीची हुशारी काही नाही, व्यवस्थाच तशी आहे. बंटीला मात्र ते अजून मान्य नाही.

पहिली ऑफर खराडीची, 22 लाखांची. ती त्याने केव्हाच स्वीकारून, सही करून ठेवलेली. सोमवारी रुजू व्हायचं. दुसरी बाणेरची, साडेएकोणीस लाखांची, मागच्या आठवड्यात आलेली. आज बुधवार. संध्याकाळी लॅपटॉप काखेत मारून बंटी आमच्या खोलीत आला. (मी ताईकडेच उतरलो होतो. निवृत्त भावाला पुण्यात कामं निघतातच.)

‘मामा, दोन मेल लिहायचेत. तू जरा इंग्लिश बघ.’

इंग्रजी हे निमित्त. मी हयातभर माणसं भरती करण्याचंच काम केलं, तेव्हा टेबलाच्या पलीकडचा माणूस काय म्हणेल हे त्याला माझ्याकडून फुकटात हवं होतं.

‘कोणाला हो म्हणायचं ते ठरलंय का?’

‘तेच तर ठरत नाहीये.’

ठरलेलं होतं. त्याला माहीत नव्हतं, एवढंच. मला दोन दिवस त्याचे फोन ऐकून कळलं होतं. खराडीच्या एचआर बाई दर आठवड्याला फोन करत. ‘सहज, सगळं ठीक ना’ असं म्हणत, पण ते सहज नसतं. येणार की नाही याचा अंदाज घेणं असतं. बंटी त्यांच्याशी साखरेत घोळल्यासारखा बोलायचा. ‘येस मॅम, डेफिनेटली मॅम, लुकिंग फॉरवर्ड मॅम.’ बाणेरच्या माणसाशी मात्र तो भांडायचा. मेडिक्लेममध्ये आईवडील धरता का? पगार कुठल्या तारखेला होतो? रात्रीचे कॉल किती? दुचाकीला पार्किंग आहे की रस्त्यावर लावायची?

आमच्या धंद्यातली ही जुनी खूण. जो खरंच येणार असतो तो छळतो. लॅपटॉप कुठला मिळेल इथपासून कँटीनपर्यंत सगळं विचारतो, कारण त्याला तिथे दिवस काढायचे असतात. जो येणार नसतो त्याला एकही शंका नसते. कागदपत्रं मागितली की ‘उद्या पाठवतो’ म्हणतो, लॅपटॉप पाठवायला घरचा पत्ता विचारला की दोन दिवस गप्प, आणि बोलणं असं गोड की नवख्या एचआरला वाटतं, पोरगं घरचंच आहे. सोमवारी सकाळी या गोडव्याचा फोन बंद लागतो.

‘आधी कागद काढ,’ मी म्हटलं. ‘22 मोठे की साडेएकोणीस?’

तो माझ्याकडे दयेने पाहू लागला. मग आम्ही दोन्ही पत्रांची शेवटची पानं उघडली. पगाराचा तक्ता तिथे असतो आणि पहिल्या पानावरच्या अभिनंदनापुढे कोणी तिथवर जात नाही.

खराडीच्या 22 लाखांत 3 लाख व्हेरिएबल होते. ते वर्षअखेरीला, कंपनीचं आणि बंटीचं दोघांचं बरं चाललं तर. दीड लाख जॉइनिंग बोनस होता. तो एकदाच मिळणार आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. मूळ पगार 9 लाख. त्यावर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ, म्हणजे 1 लाख 8 हजार, याच 22 मध्ये मोजलेला. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे 43 हजारांच्या वर, तेही त्यातच. आणि ही रक्कम सहसा पाच वर्षं टिकणाऱ्याच्याच पदरात पडते. बंटी आजवर कुठेही अडीच वर्षांच्या पुढे टिकलेला नाही. विम्याचा हप्ता 20 हजार, तोही आतच. एवढं सगळं वजा करून आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ कापून महिन्याला उरत होते सुमारे 1 लाख 22 हजार, तेही आयकराच्या आधी.

बाणेरच्या पत्रात व्हेरिएबल नाही, बोनस नाही. मूळ पगार तोच 9 लाख आणि ग्रॅच्युइटीही तशीच आत, पण पीएफ 15 हजारांच्या कायदेशीर मर्यादेवर धरलेला, म्हणजे महिन्याला फक्त 1,800 कंपनीचे आणि तेवढेच त्याचे. विमा वेगळा, पॅकेजबाहेर. महिन्याला उरत होते सुमारे 1 लाख 55 हजार.

बंटीने कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा केलं. मग फोन बदलून केलं.

न्यायाने सांगायचं तर पीएफ बुडत नाही, तो आपलाच पैसा असतो, आणि व्हेरिएबलही अधूनमधून मिळतं. पण वाकडच्या ज्या फ्लॅटचं टोकन बंटीने दिलं होतं, त्याचा बिल्डर पीएफच्या पासबुकावर चावी देत नाही.

‘म्हणजे बाणेर,’ बंटी म्हणाला आणि लिहायला बसला.

बाणेरचा मेल दहा मिनिटांत झाला. ‘नमस्कार’सुद्धा नाही. आपल्याकडे 22 लाखांची ऑफर आहे हे पहिल्याच ओळीत. मग मुद्दे : आईवडिलांचा विमा पत्रात लिहून द्या, दोन दिवस घरून काम लिहून द्या, 50 हजार जॉइनिंग बोनस द्या, सुधारलेलं पत्र उद्या सकाळपर्यंत पाठवा. शेवटी ‘रिगार्ड्स’, त्याच्या आधी ‘वॉर्म’ही नाही. कोर्टाची नोटीस याहून प्रेमळ असते. आणि हा होकार होता!

नकाराला मात्र पाऊण तास लागला. खराडीच्या बाईंना लिहिलेलं ते पत्र मी वाचलं आणि क्षणभर मलाच भरून आलं. तुम्ही माझ्यावर दाखवलेला विश्वास मी जन्मभर विसरणार नाही. आपल्या कंपनीच्या संस्कृतीने मी भारावून गेलो आहे (हा मुलगा त्या इमारतीत एकदाही गेलेला नव्हता, तिन्ही मुलाखती व्हिडिओवर). हा माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय आहे. आणि मग तिसऱ्या परिच्छेदात : माझ्या आईची तब्येत अचानक बिघडल्यामुळे मला काही काळ तिच्याजवळ राहणं भाग आहे.

मी ते वाक्य जरा मोठ्याने वाचलं असावं. स्वयंपाकघरातून थालीपीठ थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

‘कोणाची तब्येत?’ ताई कालथ्यासकट दारात.

‘अगं, असं लिहावं लागतं, आई.’

‘मग बापाची लिही. त्यांना शुगर आहे.’

‘बाबांचं मागच्या कंपनीला लिहिलंय.’

मी त्याला समजावलं. नकाराला चार ओळी पुरतात. अमुक तारखेची तुमची ऑफर मी स्वीकारली होती, आता मी रुजू होणार नाही, उशिरा कळवतोय याबद्दल दिलगीर आहे, आभार. पहिल्या दोन ओळींतच ‘नाही’ दिसलं पाहिजे. सोमवारसाठी त्यांनी लॅपटॉप काढून ठेवलाय, प्रोजेक्टवर नाव टाकलंय, त्यांना लगेच दुसऱ्या उमेदवाराला फोन करायचाय. तुझ्या कृतज्ञतेतून वाट काढत त्यांनी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत का यायचं? त्यांच्या नोंदीत तुझ्या नावापुढे शेरा पडेल तो पडेलच. आधी कळवलं तर जरा सौम्य पडतो, सोमवारी फोन बंद ठेवला तर कायमचा. तशा कंपन्याही काही सोवळ्या नाहीत. नोकरीची पत्रं देऊन पोरांना महिनोनमहिने ताटकळत ठेवणाऱ्या पाहिल्यात आपण.

‘आणि कारण देऊच नकोस,’ मी म्हटलं. ‘अजिबात नाही. कारण दिलंस की ते उपाय शोधतात. घर लांब म्हटलंस तर कॅब देतील. पगार म्हटलास तर वाढवतील. नुसत्या ‘नाही’वर कोणाला काही करता येत नाही. शिवाय बाणेरचं सुधारलेलं पत्र हातात येऊ दे, मग खराडीला कळव. नाहीतर मधली रात्र तू बिनऑफरचा असशील.’

‘करेक्ट आहे, मामा,’ बंटी म्हणाला. ‘एकदम करेक्ट.’

हेही ‘येस मॅम, डेफिनेटली’च्याच जातीचं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तोवर त्याने दोन्ही मेल पाठवून दिले होते, आईसकट.

बाणेरचं उत्तर वीस मिनिटांत आलं. विमा मान्य, घरून काम मान्य, बोनस नाही. सही करून उद्या 11 पर्यंत पाठवा, नंतर ऑफर रद्द. बंटीने हे दोनदा वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. भांडण झाल्याशिवाय त्याला नोकरी खरी वाटत नाही.

साडेनऊला फोन वाजला. खराडी. एचआर बाई नव्हेत, ज्यांच्या टीममध्ये जायचं होतं ते साहेब स्वतः. बंटी उठून उभा राहिला. ‘येस सर... थँक यू सर... हो, आता स्टेबल आहे सर... नाही, ॲडमिट नाही केलं, घरीच आहे...’ मी पेपर तोंडापुढे धरला. बराच वेळ नुसते हुंकार. मग त्याने फोन छातीशी दाबला आणि माझ्याकडे वळला.

‘मामा, ते म्हणतायत सहा महिने पूर्ण घरून काम कर, आईजवळ बसून. आणि व्हेरिएबल फिक्समध्ये टाकून देतायत. आज रात्रीच लेटर.’

मी काही बोललो नाही.

‘उद्या 11 पर्यंत वेळ आहे तसा,’ तो स्वतःशीच म्हणाला. मग आवाज खाली आणून : ‘आई बरी झाली, हे साधारण कधी कळवलेलं बरं दिसेल?’

‘मी आजारी आहे,’ ताई आतून म्हणाली. ‘पानं तुमची तुम्ही वाढून घ्या.’