आधी लिहून द्या, मग भोक पाडा

बडा गणपतीच्या चौकातून मल्हारगंजकडे चालत निघा आणि मान वर करून फक्त खिडक्या बघा. भिंतीला लटकलेली कूलरची स्टँडं दिसतील, डिश दिसेल, कपडे वाळत घालायची लोखंडी ब्रॅकेटं दिसतील. यातली बरीच भाडेकरूंनी ठोकलेली असतात आणि त्यासाठी कुणी घरमालकाची लेखी परवानगी मागितलेली नसते. मालकही काही म्हणत नाही. पण घरात दीड वर्षाचं मूल आहे, खिडकीला जाळी बसवायची आहे, असं भाडेकरूने म्हटलं की मालकाला भिंतीची आठवण होते. कूलरला चालणारी भिंत मुलाला का चालत नाही, याचं सरळ उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मालकाच्या मनातली खरी भीती भोकाची नसते. स्वतःच्या पैशाने घराला लोखंड लावणारा भाडेकरू उद्या घर सोडणार नाही, ही ती भीती असते. इंदूरच्या जुन्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेल्या खोल्यांच्या कथा घरोघरी आहेत, त्यामुळे ती भीती खोटी म्हणता येत नाही. पण जाळीच्या परवानगीचा कब्ज्याशी काही संबंध नाही. उलट, नीट लिहिलेलं पत्र मालकाचंच रक्षण करतं.

मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्यात कलम १२ मध्ये घर खाली करून घेण्याची कारणं दिली आहेत. त्यातलं एक असं की भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय असं बांधकाम केलं, ज्याने मालकाचं नुकसान होईल असा जागेत मोठा बदल झाला किंवा तिची किंमत बरीच घटण्याची शक्यता आहे. यातला ‘लेखी’ हा शब्द लक्षात ठेवा. जिन्यात उभं राहून मालक ‘हो, लावा की’ म्हणाले, एवढ्यावर ड्रिल चालवू नका. चार वर्षांनी भाडं वाढवण्यावरून बिनसलं, तर त्या ‘हो’चा साक्षीदार कुणी नसेल.

अर्थात खिडकीची जाळी म्हणजे ‘मोठा बदल’ असं कोर्टात ठरवणं सोपं नाही. ओमप्रकाश विरुद्ध अमर सिंग या उत्तर प्रदेशातल्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाया न खणता घातलेली सहा फुटी आडभिंत आणि पत्र्याची शेड यांनासुद्धा तसा बदल मानलं नव्हतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तर कायमच्या बांधकामातून लाकडी आडोसा, स्वयंपाकाचा ओटा, जाळीकाम, एसी यांसारखी कामं स्पष्ट नावं घेऊन वगळली आहेत. आपल्याकडची भाषा मोघम आहे. मोघम भाषेत वाद घालायला वकील लागतो आणि पत्र लिहायला कागद पुरतो.

आता पत्रात द्यायच्या ‘जाताना काढून नेईन’ या वचनाकडे या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०८ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर भाडेकरूने जागेला जोडलेली वस्तू तो काढून नेऊ शकतो. मात्र जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंतच, आणि जागा मिळाली तशी परत करून. इथेच लोक फसतात. किल्ली दिली, सामान नव्या घरी गेलं, आणि आठ दिवसांनी फॅब्रिकेटरला घेऊन जाळी काढायला आले, तर मालक दारातून परत पाठवू शकतो. जाळी किल्ली देण्याच्या आधी निघाली पाहिजे, भोकं बुजली पाहिजेत, रंगाचा हात फिरला पाहिजे, आणि मग हिशेब.

वचन पाळता येईल की नाही, हे मात्र जाळी बसवायच्या दिवशीच ठरतं. समजा दुसऱ्या मजल्यावरचं घर आहे, चार बाय चार फुटांच्या दोन खिडक्या आणि आठ फूट लांबीची गॅलरी. फॅब्रिकेटर येतो आणि सवयीने म्हणतो, ‘पंजे भिंतीत गाडून सिमेंट भरून देतो, हलणार नाही.’ त्याला तिथेच थांबवा. गाडलेले पंजे काढायचे तर भिंत फोडावी लागते, आणि तुमचं वचन खोटं पडतं. चौकट वेगळी बनवून अँकर बोल्टने कसायला सांगा. एका खिडकीला प्रत्येक बाजूला दोन, असे आठ बोल्ट, दहा मिलीमीटर जाडीचे. नऊ इंची भिंत असेल तर भोक तिच्या जाडीच्या मधोमध घ्यावं. कडेजवळ घेतलं की बोल्ट फुगताना विटेचा टवका उडतो.

बडा गणपतीच्या जुन्या घरांत खरी अडचण चुन्याच्या बांधकामाची आहे. कृष्णपुऱ्यापर्यंतचा रस्ता रुंद झाला तेव्हा घरांचे पुढचे भाग कापले गेले. अशा घरात पुढची भिंत नवी, सिमेंटची असेल आणि मागच्या खोलीची जुनी, चुन्याची. दोन्हीकडे एकच बोल्ट चालत नाही. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जाऊ लागलं, पांढरट भुकटी पडू लागली आणि कसताना बोल्ट जागीच फिरू लागला, की समजा भिंतीने पकड दिलेली नाही. तिथे बोल्ट आणखी पिळू नका. चौकटीला लोखंडी कान जोडून भिंतीतून आरपार बोल्ट घ्या आणि दुसऱ्या बाजूला जाड पट्टी द्या, म्हणजे ओढ एका विटेवर येणार नाही. सगळं बसलं की मोठ्या माणसाने खोलीत उभं राहून दोन्ही हातांनी चौकट जोरात ढकलून बघावी. कुठेही कुरकुर आली, प्लास्टर भेगाळलं, तर ते काम परत करायचं.

सळया उभ्याच हव्यात. आडव्या सळया दिसायला चांगल्या असतील, पण मुलासाठी ती शिडी आहे. गॅलरीच्या रेलिंगला आडवे पाइप असतील तर हा धोका आज, आत्ता तुमच्या घरात आहे. दोन सळयांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको, आणि हेच माप गॅलरीच्या फरशीपासून खालच्या पट्टीपर्यंतच्या फटीलाही लावा. ही फट मोजायची राहून जाते. मुलाचं अंग जिथून जातं तिथून डोकं जातंच असं नाही, म्हणून रुंद फट दुहेरी घातक. आणि कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी ही मुलासाठी जाळी नव्हे. बारक्या हुकांवर ताणलेल्या त्या दोरीवर मुलाचा भार सोपवणं हा गुन्हा मानला पाहिजे, इतकं मला ते चूक वाटतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती इंदूरकराला जास्त समजावून सांगावी लागू नये. ७ मे २०२२ च्या पहाटे विजयनगरजवळच्या स्वर्णबाग कॉलनीत एका इमारतीच्या पार्किंगमध्ये आग लागली आणि वर राहणारी ७ माणसं गेली. पार्किंगमधली आग जिन्यावाटे वर चढते, तेव्हा बाहेर पडायला खिडकी आणि गॅलरीच उरते. पूर्ण बंद पिंजरा त्या वेळी मुलाला वाचवत नाही, सगळ्या घरालाच कोंडतो. म्हणून घराच्या पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला एक, अशा दोन ठिकाणी जाळीला उघडणारी झडप हवीच. निदान दोन बाय तीन फुटांची, मोठा माणूस मूल काखेत घेऊन निघेल एवढी. कुलूप आतून, किल्ली झडपेशेजारीच, पण मुलाच्या हाताला न येईल इतक्या उंच खिळ्यावर. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ती झडप अंधारात एकदा उघडून बघितलेली असली पाहिजे.

पत्र लांबलचक नको. असं लिहा:

‘श्री. काका, स. न. वि. वि. आमचं बाळ आता चढू लागलं आहे. दोन खिडक्या आणि गॅलरी यांना आमच्या खर्चाने लोखंडी जाळी बसवायची आहे. चौकट बोल्टवर बसेल, भिंतीत काही गाडणार नाही, बाहेर पेटी काढणार नाही. भिंती आज जशा आहेत त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. घर सोडताना किल्ली देण्याआधी जाळी काढून, भोकं सिमेंटने भरून, रंग लावून देऊ. तसं न झाल्यास खर्च डिपॉझिटमधून कापावा. जाळी ठेवून घ्यायची आपली इच्छा असेल तर किंमत तेव्हा बोलून ठरवू. या जाळीमुळे आमचा घरावर कुठलाही वाढीव हक्क येत नाही. आपली संमती या कागदावर सही करून द्यावी.’

शेवटून दुसरं वाक्य मालकाच्या भीतीला उत्तर आहे, ते गाळू नका. दोन प्रती काढा, सही दोन्हींवर घ्या. अकरा महिन्यांचा करार नव्याने होईल तेव्हा या पत्राचा उल्लेख त्यात घाला, नाही तर नव्या कागदावर जुनी परवानगी हरवते.

आणि जाळी काढताना बोल्ट बाहेर येतो, पण त्याची नळी भिंतीतच राहते. ती ग्राइंडरने पृष्ठभागाशी कापून, भोक सिमेंट-वाळूने भरावं लागतं. नुसती पुट्टी थापली तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत जातं, लोखंड गंजतं आणि प्लास्टर फुगतं. मालकाची तक्रार तेव्हा रास्त असते.

इतकं सगळं भाडेकरूने करायचं, हे मला मुळात मान्य नाही. न्यूयॉर्क शहराने १९७६ साली नियम केला की तीन किंवा जास्त बिऱ्हाडांच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल, तर खिडकीला गज बसवणं ही मालकाची जबाबदारी. त्याआधी तिथल्या आरोग्य खात्याने ब्रॉन्क्समध्ये ‘मुलं उडू शकत नाहीत’ अशा नावाची मोहीम चालवली होती, खिडक्यांना गज लावले होते, आणि पडण्याचे प्रकार घटलेले दिसल्यावरच नियम आला. आग लागल्यास सुटकेच्या जिन्याकडे उघडणारी खिडकी त्यांनीही मोकळी ठेवली. आपल्याकडे असा नियम येईल तेव्हा येवो. तोवर बडा गणपतीच्या घरमालकांना माझं सांगणं एवढंच: सही करा, आणि भाडेकरू घर सोडून जाताना ‘जाळी काढा’ म्हणू नका. योग्य किंमत देऊन ती ठेवून घ्या. पुढच्या बिऱ्हाडातही मूल असणार आहे.