दीड ओळीचा आदेश, वीतभर फाइल

सरकारी कचेरीतून निघणारा सर्वांत सौम्य कागद कोणता? निवृत्तीचे मानपत्र नव्हे. प्रोबेशनवरच्या माणसाला घरी पाठवणारा आदेश. ‘नियुक्तीपत्रातील अटीनुसार आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. नोटिशीऐवजी एक महिन्याचे वेतन देण्यात येईल.’ संपला आदेश. त्यात आरोप नाही की रागाचा एक शब्द नाही. हाच साहेब कालपरवापर्यंत त्या माणसाला भर बैठकीत लबाड म्हणत होता, हे या कागदावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

साहेबांच्या तोंडी एकाएकी ही साखर आली ती राज्यघटनेच्या 311व्या कलमामुळे. सरकारी नोकराला शिक्षा म्हणून नोकरीवरून काढायचे तर त्याला आरोप कळवावे लागतात, चौकशी करावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. एवढे कष्ट कोण घेणार? प्रोबेशनवरच्या माणसाचे तसे नाही. त्याचा त्या पदावर हक्क बसलेला नसतो. काम जमत नाही असे दिसले तर चौकशीविना त्याला निरोप देता येतो. 1957 साली पुरुषोत्तमलाल ढींग्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आणि त्याच दमात हेही सांगितले, की शिक्षा म्हणून काढणार असाल तर प्रोबेशनरलाही 311चे कवच आहे. कचेऱ्यांनी यातून सोयीचा धडा घेतला: शिक्षा करा, पण तसे लिहू नका.

ही युक्ती कशी फसते ते अनूप जयस्वाल यांच्या खटल्यात पाहायला मिळते. जयस्वाल हे आयपीएसचे प्रोबेशनर, हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेत होते. 22 जून 1981च्या पहाटे पाऊस पडत होता. कवायतीच्या जागी पोहोचायला त्यांना साधारण 22 मिनिटे उशीर झाला. उशीर करणारे ते एकटे नव्हते आणि खुलासाही सगळ्यांकडून मागवला गेला. पण या दिरंगाईच्या म्होरक्यांपैकी एक जयस्वाल, असे अकादमीच्या संचालकांचे मत झाले आणि त्यांनी वर तशी शिफारस केली. नोव्हेंबरात केंद्र सरकारचा आदेश आला. त्यात पाऊस नव्हता, उशीर नव्हता, म्होरकेपणही नव्हते. आयपीएसच्या प्रोबेशन नियमांप्रमाणे ते सेवेस अयोग्य ठरल्याने त्यांना मुक्त करण्यात येत आहे, एवढेच होते.

सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली आदेशाखालची फाइल उघडली. संचालकांची शिफारस बाजूला काढली तर आदेशाला उभे राहायला काय उरते, हा खरा प्रश्न होता. उत्तर होते: काहीच नाही. आदेशाचा पाया म्होरकेपणाचा आरोप होता आणि त्या आरोपाची चौकशी कोणी केलेलीच नव्हती. आदेश रद्द झाला, जयस्वाल ज्येष्ठतेसह सेवेत परतले.

वकील मंडळी इथे ‘पाया’ आणि ‘हेतू’ असा फरक करतात. एखाद्या कारकुनाविरुद्ध तक्रार आली. साहेबांनी प्राथमिक विचारपूस केली आणि ठरवले, की खरेखोटे शोधत बसण्यापेक्षा नाहीतरी याचे काम यथातथाच आहे, तर याला मुदतीअखेर कायम करू नये. इथे तक्रार हा केवळ हेतू. आदेश बहुधा टिकेल. पण साहेबांनी त्याच्या पाठीमागे साक्षी घेतल्या, अहवाल मागवला, अहवालात ‘याने पैसे खाल्ले’ असा निष्कर्ष आला आणि त्यावरच आदेश निघाला, तर तो निष्कर्ष हा पाया. आदेश कितीही गुळमुळीत असला तरी ती शिक्षाच. 2001च्या पवनेंद्र नारायण वर्मा निकालाने यासाठी तीन प्रश्न ठरवून दिले. रीतसर, पूर्ण स्वरूपाची चौकशी झाली होती का? ती गैरवर्तनाच्या किंवा नीतिभ्रष्टतेच्या आरोपांची होती का? आणि तिचा शेवट दोषी ठरवण्यात झाला का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ आली, की आदेशाचा मुखवटा गळाला. एकही ‘नाही’ आले, तर आदेश सहसा वाचतो.

आदेशातली भाषाही घात करते. ‘काम समाधानकारक नाही’ एवढे म्हटले तर कलंक लागत नाही, कारण काढताना एवढे तर म्हणावेच लागणार. त्यापलीकडे जाऊन माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवले, की लागतो. काही हुशार कचेऱ्या आदेश कोरा ठेवतात आणि ‘संदर्भ’ या मथळ्याखाली जुनी पत्रे नोंदवतात. कलकत्त्याच्या सत्येंद्रनाथ बोस विज्ञान केंद्राने दीप्तीप्रकाश बॅनर्जी यांना असेच काढले होते. आदेशात आधीच्या पत्रांचा उल्लेख होता आणि त्या पत्रांच्या मागे आरोप नि अहवाल होते. 1999 साली न्यायालयाने म्हटले, की कलंक आदेशातच हवा असे नाही, त्याने बोट दाखवलेल्या कागदातही तो असू शकतो. उद्याचा मालक आदेश पाहिल्यावर ती पत्रेही मागणारच.

आता यातली खरी गंमत पाहा. ज्या साहेबाने शहानिशा केली, कागद गोळा केले, अहवाल घेतला, तो न्यायालयात हरतो. ज्याने काहीच केले नाही, नुसते ‘समाधानकारक नाही’ म्हणून सही ठोकली, तो बहुधा जिंकतो. खटले हरलेल्या कचेऱ्या यातून काय शिकतात? ऐकून घ्यायला नव्हे, लिहून न ठेवायला! काढलेल्या माणसाची पंचाईत मात्र दुहेरी. आपल्यावर आरोप झाला होता हे त्यालाच सिद्ध करायचे आणि त्याचा पुरावा त्याला काढणाऱ्याच्या कपाटात.

म्हणून कलंकाच्या काथ्याकुटापेक्षा मला आपल्या खासगी शाळांसाठीच्या 1981च्या नियमावलीतली एक साधी तरतूद अधिक मोलाची वाटते. प्रोबेशनवरच्या शिक्षकाच्या कामाचे मुख्याध्यापकाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायचे आणि त्याची नोंद ठेवायची, असे पंधरावा नियम सांगतो. काम खरेच वाईट असेल, तर प्रोबेशनच्या काळात त्याची नोंद व्हायलाच हवी. मुदत संपत आली तरी पान कोरे आणि एका भांडणानंतर आठवडाभरात शिक्षक ‘असमाधानकारक’, तर शाळा न्यायाधिकरणात संस्थाचालकांना घाम फुटणे साहजिक आहे.

तेव्हा प्रोबेशनवरच्या मित्रांनो, तुम्हाला दिलेला प्रत्येक मेमो, प्रत्येक खुलासा आणि प्रत्येक शाबासकी तारखेसह जपून ठेवा. आदेश आलाच तर आधी त्यातले ‘संदर्भ’ वाचा, मग माहिती अधिकारात फाइल मागा. शाळेत असाल तर अपिलाला तीसच दिवस असतात, हे विसरू नका. आणि साहेबांनो, माणूस कामाला कच्चा असेल तर ते वेळोवेळी लिहा आणि त्याला सांगा. तो चोर असेल, तर आरोप ठेवा आणि त्याचे ऐका. चोर समजून काढायचे आणि कच्चा म्हणून लिहायचे, ही शुद्ध लबाडी आहे.